चेबिशेव्ह की बटरवर्थ: क्षीणनाच्या अटींवरून लो-पास फिल्टरची ऑर्डर काढताना

लो-पास फिल्टरची ऑर्डर काढायला चार आकडे पुरतात. पासबँड कुठे संपतो, तिथपर्यंत जास्तीत जास्त किती डीबी घट चालेल, स्टॉपबँड कुठे सुरू होतो आणि तिथून पुढे कमीत कमी किती डीबी क्षीणन हवं. हे चार आकडे सूत्रात घातले की उत्तर मिळतं. पण ते बहुतेक वेळा अपूर्णांकात येतं आणि ऑर्डर पूर्णांकातच असावी लागते. वरच्या पूर्णांकावर जाताना थोडी सवलत हाती पडते. ती कुठे खर्च करायची हे ठरवलं नाही, तर हिशोब अर्धाच राहतो. बटरवर्थ आणि चेबिशेव्ह यांच्यातला खरा फरकही इथेच कळतो, म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत सोडवू.

अट कुठून आली ते आधी पाहा

सेकंदाला ३२,००० नमुने घेणाऱ्या एडीसीच्या आधी लावायचा अँटी-एलियासिंग फिल्टर हवा आहे. कामाचा सिग्नल १० किलोहर्ट्झपर्यंतचा आहे. २२ किलोहर्ट्झचा घटक नमुने घेताना दुमडून ३२ − २२ = १० किलोहर्ट्झवर येतो, म्हणजे २२ च्या लगेच पुढचं जे काही असेल ते थेट कामाच्या पट्ट्यात शिरतं. १० ते २२ च्या मधलं दुमडून १० च्या वरच राहतं. ते नंतर डिजिटल फिल्टरने काढता येतं, त्यामुळे या मधल्या पट्ट्यात आपल्याला मोकळीक आहे. अटी अशा ठरल्या:

```
fp = 10 kHz    Ap = 0.5 dB  (जास्तीत जास्त)
fs = 22 kHz    As = 40 dB   (कमीत कमी)
```

इथे fs म्हणजे स्टॉपबँडची कड, नमुने घेण्याचा वेग नव्हे. दोन्हींना हेच चिन्ह वापरायची पद्धत असल्याने कागदावर गोंधळ होतो. नमुन्यांच्या वेगाला वेगळं चिन्ह द्या.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा: ४० डीबी कशाच्या तुलनेत? पुढची सूत्रं पासबँडमधल्या सर्वोच्च पातळीला शून्य डीबी धरतात. दोन्ही टोकांना सारखाच रोध लावलेल्या एलसी फिल्टरमध्ये स्रोताच्या व्होल्टेजपेक्षा लोडवर मुळातच ६ डीबी कमी मिळतात. ते ६ डीबी क्षीणनात धरले तर फिल्टर कागदावर पास होतो आणि प्रत्यक्षात ३४ वर अडकतो.

दोघांना सामाईक असलेला भाग

आधी दोन गुणोत्तरं काढायची. पहिलं वारंवारतेचं, k = fs/fp. इथे ते २.२ आहे. दोन्ही आकडे हर्ट्झमध्ये घेतले काय किंवा रेडियन प्रतिसेकंदात घेतले काय, गुणोत्तर तेच राहतं. फक्त एक हर्ट्झमध्ये आणि दुसरा रेडियनमध्ये असं होऊ देऊ नका.

दुसरं गुणोत्तर क्षीणनाचं:

```
D = sqrt( (10^(As/10) - 1) / (10^(Ap/10) - 1) )

10^(0.5/10) - 1 = 0.12202      (हाच ε², म्हणून ε = 0.3493)
10^(40/10)  - 1 = 9999
D = sqrt(9999 / 0.12202) = 286.26
```

घातांकात डीबीला १० ने भागायचं, २० ने नव्हे. सूत्र व्होल्टेजच्या वर्गावर उभं आहे आणि वर्गमूळ आपण शेवटी घेतो. २० ने भागून पुन्हा वर्गमूळ घेतलं तर D इथे फक्त ४१ च्या आसपास येतो आणि ऑर्डर फारच कमी निघते. असं सुखद उत्तर दिसलं तर आधी हा घातांक तपासा.

D चा अर्थ सोपा आहे. k पट वारंवारता वाढेपर्यंत फिल्टरच्या बहुपदीने आपली किंमत किती पट वाढवायला हवी, ते D सांगतो. आपल्या उदाहरणात वारंवारता २.२ पट होते, तेवढ्यात बहुपदी २८६ पट व्हायला हवी. वारंवारता fp च्या x पट आणि ऑर्डर n असेल, तर बटरवर्थची बहुपदी म्हणजे साधा घात, x चा n वा घात. चेबिशेव्हची बहुपदी Cn(x) वेगळी आहे आणि दोघांतला सगळा फरक तिच्यातून येतो.

बटरवर्थची ऑर्डर

k चा n वा घात D पेक्षा कमी नसावा, एवढीच अट:

```
n >= log(D) / log(k)
   = log10(286.26) / log10(2.2)
   = 2.4568 / 0.34242
   = 7.17   ->  n = 8
```

लॉगचा पाया १० असो वा e, वर-खाली तोच असला म्हणजे झालं. उत्तर ७.१७ आलं म्हणून ८ घ्यायचे. ७ घेतले तर काय होईल, हे मात्र लगेच तपासून ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पासबँडच्या कडेला नेमके ०.५ डीबी ठेवले तर सातव्या ऑर्डरला २२ किलोहर्ट्झवर ३८.८० डीबी मिळतात आणि आठव्याला ४५.६५. म्हणजे सात जेमतेम १.२ डीबीने नापास होतो.

चेबिशेव्हची ऑर्डर

पासबँडच्या बाहेर, म्हणजे x एकपेक्षा मोठा असताना, Cn(x) = cosh(n · acosh x). ते D इतकं किंवा त्याहून मोठं हवं:

```
n >= acosh(D) / acosh(k)

acosh(x) = ln( x + sqrt(x^2 - 1) )
acosh(286.26) = 6.3501
acosh(2.2)    = ln(2.2 + 1.9596) = 1.4254

n >= 6.3501 / 1.4254 = 4.45   ->  n = 5
```

कॅल्क्युलेटरवर acosh नसेल तर वरचं ln चं रूप वापरा. D मोठा असतो, त्यामुळे त्याच्यासाठी ln(2D) एवढंच घेतलं तरी चौथ्या दशांशापर्यंत तेच उत्तर येतं. k साठी मात्र ही सूट घेऊ नका. ln(४.४) म्हणजे १.४८, खरी किंमत १.४२५, आणि एवढ्या फरकाने काही वेळा ऑर्डर एकने खाली घसरते.

आता पडताळा. पाचव्या ऑर्डरची बहुपदी हाताने मांडता येते:

```
C5(x) = 16x^5 - 20x^3 + 5x
C5(2.2) = 824.58 - 212.96 + 11 = 622.62
A(22 kHz) = 10*log10(1 + (0.3493 * 622.62)^2) = 46.75 dB
```

चौथ्या ऑर्डरला याच जागी ३४.३७ डीबी मिळतात. सातव्या ऑर्डरचा बटरवर्थ थोडक्यात हुकला होता, चौथ्या ऑर्डरचा चेबिशेव्ह साडेपाच डीबीहून अधिक हुकतो.

संगणकावर ताडून पाहायचं असेल तर साय-पायमध्ये दोन ओळी पुरतात:

```python
import numpy as np
from scipy import signal
wp, ws = 2*np.pi*10e3, 2*np.pi*22e3
print(signal.cheb1ord(wp, ws, 0.5, 40, analog=True))
print(signal.buttord(wp, ws, 0.5, 40, analog=True))
```

ऑर्डर अनुक्रमे ५ आणि ८ येतात. `analog=True` विसरलात तर आकडे डिजिटल फिल्टरचे समजले जातात आणि त्या उत्तराला इथे काही अर्थ उरत नाही.

तीन ऑर्डर वाचल्या, त्या कशाच्या जोरावर

चेबिशेव्हचा उतार जास्त तीव्र असतो असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट खरं आहे. खूप वरच्या वारंवारतेला सारख्या ऑर्डरच्या दोन्ही फिल्टरांचा उतार एकच असतो: दर दशकाला २०n डीबी. फरक कडेजवळ पडतो. x मोठा झाला की Cn(x) मधलं पहिलंच पद उरतं आणि त्याचा सहगुणक २ चा (n − १) वा घात असतो. म्हणून त्याच ε च्या बटरवर्थपेक्षा चेबिशेव्ह शेवटी ६.०२ × (n − १) डीबीने पुढे असतो आणि मग तेवढाच पुढे राहतो. पाचव्या ऑर्डरला ही आघाडी २४ डीबी. २२ किलोहर्ट्झवर पाचव्या ऑर्डरचा बटरवर्थ २५.१२ डीबी देतो आणि चेबिशेव्ह ४६.७५, म्हणजे २४ पैकी २१.६ डीबी तिथपर्यंतच पदरात पडलेले असतात.

त्याची किंमत पासबँडमध्ये मोजली जाते. बटरवर्थ पासबँडच्या सुरुवातीला जवळजवळ सपाट राहतो आणि ०.५ डीबीची मुभा फक्त शेवटी कडेला वापरतो. चेबिशेव्ह तीच मुभा संपूर्ण पासबँडभर वर-खाली करत पुन्हा पुन्हा वापरतो. या वर-खाली होण्यालाच रिपल म्हणतात.

हा फायदा किती मोठा ठरेल ते k वर अवलंबून आहे. Ap आणि As तेच, म्हणजे D = २८६.२६ ठेवून फक्त k बदलून पाहा. k = ५ असेल तर बटरवर्थला ३.५१, म्हणजे ४ लागतात आणि चेबिशेव्हला २.७७, म्हणजे ३. एका ऑर्डरसाठी रिपल पत्करण्यात फारसा अर्थ नाही. तिथे बटरवर्थ घ्यावा. k = १.२ असेल तर बटरवर्थला ३१.०३, म्हणजे ३२ आणि चेबिशेव्हला १०.२, म्हणजे ११. बत्तिसाव्या ऑर्डरचा अॅनालॉग फिल्टर कोणी बांधायला जात नाही. कारण असं की k एकच्या जवळ आला की ln k हा साधारण (k − १) इतका लहान होतो, तर acosh k साधारण २(k − १) च्या वर्गमुळाइतकाच होतो, म्हणजे फार हळू आटतो. २.२ हे गुणोत्तर या दोन टोकांच्या मधलं, खरोखर विचार करायला लावणारं आहे.

उरलेला अपूर्णांक कुठे खर्च करायचा

४.४५ वरून ५ वर गेल्याने ६.७५ डीबी जादा मिळाले. ते स्टॉपबँडमध्ये पडून राहू द्यायचे, हा सगळ्यात आळशी पर्याय. दुसरे दोन पर्याय आहेत.

पहिला, रिपल कमी करायचा. n = ५ ठेवून २२ किलोहर्ट्झवर नेमके ४० डीबी मागितले तर ε = ९९.९९५ / ६२२.६२ = ०.१६०६ पुरतो, म्हणजे रिपल फक्त ०.११ डीबी. ०.५ ची परवानगी असताना ०.११ मध्येही काम भागतं.

दुसरा, कड पुढे ढकलायची. ०.५ डीबीचा रिपल तसाच ठेवला तर पासबँडची कड १० वरून ११.४५ किलोहर्ट्झपर्यंत सरकवता येते आणि २२ वर ४० डीबी तरीही मिळतात.

आमचा कौल पहिल्या पर्यायाला, पण पूर्ण टोकाला न जाता. रिपल ०.२ डीबी घ्या आणि कड १० किलोहर्ट्झवरच ठेवा. मग ε = ०.२१७१ आणि २२ किलोहर्ट्झवर ४२.६२ डीबी मिळतात. पासबँडमध्ये ०.३ डीबी आणि स्टॉपबँडमध्ये २.६ डीबी हातचे राहतात. ते लागतात, कारण कपॅसिटर आणि रोध कधीच नेमक्या किमतीचे नसतात. समजा सगळा फिल्टर २ टक्क्यांनी खाली सरकला आणि कड ९.८ किलोहर्ट्झवर आली. १० किलोहर्ट्झवरची घट तेव्हा ०.४७ डीबी होते. अट अजून पाळली जाते. २ टक्के वर सरकला तर २२ वर ४१.६५ डीबी उरतात, तेही चालतं. हाच फिल्टर पूर्ण ०.५ डीबी रिपलने आणि १० किलोहर्ट्झच्या कडेने बांधला असता, तर २ टक्के खाली सरकल्यावर १० किलोहर्ट्झवर १.१२ डीबी घट झाली असती. चेबिशेव्हची कड ओलांडली की घसरण लगेच सुरू होते, म्हणून सहनशीलतेची सोय हिशोबातच करावी लागते.

रिपल कमी करण्याचा दुसरा लाभ पोल्सच्या Q मध्ये दिसतो. तो पुढे येतो.

अपूर्णांक पूर्णांकाच्या जरा वर आला असेल तर उलट बाजूनेही विचार करा. सातव्या ऑर्डरच्या बटरवर्थला ०.६५ डीबीची मुभा दिली तर तो ४० डीबी गाठतो. ०.५ ची अट कुणी सहज लिहून टाकली असेल, तर एक ऑर्डर वाचवण्यासाठी ती ०.६५ करायला काय हरकत आहे, हे विचारून घ्यावं. चौथ्या ऑर्डरच्या चेबिशेव्हला मात्र त्यासाठी १.६ डीबी रिपल लागेल, किंवा स्टॉपबँड २५.५ किलोहर्ट्झवर न्यावा लागेल. २५.५ वर नेला तर ६.५ किलोहर्ट्झपर्यंत खाली दुमडून येणारा भाग पुरेसा दाबलाच जात नाही. इथे सूट मागण्यात अर्थ नाही.

बटरवर्थचा कटऑफ १० किलोहर्ट्झ नाही

ऑर्डर बरोबर काढून पुढच्याच पायरीवर फिल्टर बिघडवायचा हमखास मार्ग म्हणजे बटरवर्थचा कटऑफ पासबँडच्या कडेवर ठेवणं. बटरवर्थच्या तक्त्यांमध्ये कटऑफ म्हणजे ३ डीबीचा बिंदू. तो १० किलोहर्ट्झवर ठेवला की १० वर ०.५ ऐवजी ३ डीबी घट होते, ऑर्डर कितीही वाढवा. कटऑफ असा काढतात:

```
पासबँडवरून:   fc = fp / ε^(1/n)       = 10 / 0.3493^(1/8) = 11.41 kHz
स्टॉपबँडवरून: fc = fs / 9999^(1/(2n))  = 22 / 1.7783       = 12.37 kHz
```

या दोन्हींच्या मधला कोणताही कटऑफ दोन्ही अटी पाळतो. `buttord` पहिलं टोक परत देतं, तेही रेडियन प्रतिसेकंदात, सुमारे ७१,६६०. आपण भौमितिक मध्य, ११.८८ किलोहर्ट्झ घेऊ. मग १० वर ०.२७ डीबी घट आणि २२ वर ४२.८ डीबी क्षीणन मिळतं, आणि २ टक्के इकडे-तिकडे झालं तरी ०.३७ आणि ४१.४ डीबीच्या आत काम राहतं. म्हणजे हा बटरवर्थ आणि ०.२ डीबीचा तो चेबिशेव्ह, दोघांची तुलना आता बरोबरीची झाली.

चेबिशेव्हमध्ये हीच चूक उलटी होते. त्याची कड रिपलवर मोजली जाते, ३ डीबीवर नाही. ०.२ डीबीच्या पाचव्या ऑर्डरला ३ डीबीचा बिंदू कडेच्या १.०९९ पट, म्हणजे १०.९९ किलोहर्ट्झवर असतो. काही तक्ते चेबिशेव्हसुद्धा ३ डीबीला १ धरून छापतात. असा तक्ता १० किलोहर्ट्झने गुणला तर रिपलची कड ९.१० वर येते आणि १० वर सरळ ३ डीबी जातात. तक्त्यात १ या वारंवारतेवर किती डीबी आहेत, ते एकदा तपासून मगच पुढे जा.

हार्डवेअरमध्ये काय पडतं

आठव्या ऑर्डरचा बटरवर्थ म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचे चार टप्पे, सगळे ११.८८ किलोहर्ट्झचे, Q अनुक्रमे ०.५१०, ०.६०१, ०.९०० आणि २.५६३. पाचव्या ऑर्डरचा चेबिशेव्ह म्हणजे दुसऱ्या ऑर्डरचे दोन टप्पे आणि एक साधा आरसी. त्याचे पोल्स असे निघतात:

```
a = asinh(1/ε) / n = asinh(4.606) / 5 = 0.4464
sinh(a) = 0.4614     cosh(a) = 1.1013

आरसी टप्पा:   4.61 kHz
टप्पा १:       7.47 kHz,   Q = 1.00
टप्पा २:      10.57 kHz,   Q = 3.71
```

प्रत्येक टप्प्याची वारंवारता वेगळी आहे हे लक्षात ठेवा. बटरवर्थच्या सवयीने सगळे टप्पे १० किलोहर्ट्झवर बांधले तर ना चेबिशेव्ह मिळतो ना बटरवर्थ.

पूर्ण ०.५ डीबी रिपल ठेवला असता तर शेवटच्या टप्प्याचा Q ४.५५ झाला असता. युनिटी गेनच्या सॅलन-की टप्प्यात दोन्ही रोध सारखे असले तर दोन कपॅसिटरांचं गुणोत्तर 4Q² लागतं. ४.५५ साठी ते ८३ होतं, ३.७१ साठी ५५ आणि बटरवर्थच्या २.५६ साठी २६. लहान कपॅसिटर २२० पिकोफॅरडचा घेतला तर मोठा अनुक्रमे १८, १२ आणि ५.८ नॅनोफॅरडच्या आसपास लागतो. गुणोत्तर फार वाढलं की लहान कपॅसिटरच्या किमतीत बोर्डवरची भटकी धारकता मिसळते आणि Q हातातून निसटतो. ऑप-अँपसाठी ढोबळ नियम असा की गेन-बँडविड्थ किमान १०० × Q × f0 असावी. चेबिशेव्हच्या शेवटच्या टप्प्याला ती ३.९ मेगाहर्ट्झ येते, बटरवर्थला ३. १ मेगाहर्ट्झचा ऑप-अँप दोन्हीकडे कमी पडतो.

वेळेच्या बाबतीत बटरवर्थ बाजी मारतो, तीन ऑर्डर जास्त असूनही. वरच्या दोन्ही फिल्टरांचा ग्रुप डिले काढला तर बटरवर्थमध्ये तो शून्य हर्ट्झला ६९ मायक्रोसेकंद आणि १० किलोहर्ट्झला १०७ येतो. चेबिशेव्हमध्ये ६० वरून तो १३२ वर जातो. म्हणजे पासबँडमधला फरक ३८ विरुद्ध ७२ मायक्रोसेकंद. साइनच्या स्वरूपातलं मोजमाप असेल, किंवा फक्त पातळी मोजायची असेल, तर या फरकाने काही बिघडत नाही. पल्सचा आकार जपायचा असेल तर चेबिशेव्ह टाळा. त्याचा शेवटचा टप्पा पल्सच्या मागे बराच वेळ वाजत राहतो.

सम ऑर्डरचा सापळा

आपल्याला ५ मिळाले, हे बरं झालं. ४ किंवा ६ आले असते तर चेबिशेव्हचा प्रतिसाद शून्य हर्ट्झला शिखरावर नसून दरीत असता, म्हणजे डीसीला रिपलएवढी घट. ऑप-अँपच्या फिल्टरमध्ये गेन थोडा वाढवून ते भरून काढता येतं, पण डीसी अचूकता मोजणारा माणूस आधी चकित होतो. एलसी फिल्टरमध्ये प्रश्न मोठा आहे. सम ऑर्डरचा चेबिशेव्ह दोन्ही टोकांना सारख्या रोधात बसतच नाही, ०.५ डीबी रिपलला रोधांचं गुणोत्तर १.९८ लागतं. म्हणून एलसीसाठी सम उत्तर आलं की वरची विषम ऑर्डर घेण्याचा रिवाज आहे. बटरवर्थला ही अडचण नाही.

बांधल्यावर कुठे मोजायचं

पासबँड आंधळेपणाने स्वीप करण्यापेक्षा नेमक्या जागी मोजा. पाचव्या ऑर्डरची शिखरं शून्य, ५.८८ आणि ९.५१ किलोहर्ट्झला असतात, दऱ्या ३.०९, ८.०९ आणि १० ला. हे बिंदू रिपल किती घेतला यावर अवलंबून नसतात, फक्त कडेवर असतात. पाच बिंदू मोजा (शून्याऐवजी १०० हर्ट्झ वगैरे संदर्भ घ्या): ३.०९, ८.०९ आणि १० वर संदर्भापेक्षा ०.२ डीबी खाली, ५.८८ आणि ९.५१ वर संदर्भाइतकं.

९.५१ चं शिखर संदर्भाच्या वर गेलं आणि ३.०९ ची दरी ठीक असेल, तर संशय शेवटच्या टप्प्याच्या Q वर घ्या. तो Q ५ टक्के वाढला तर त्याच्या वारंवारतेजवळ पातळी ०.४ डीबीने चढते, म्हणजे आपल्या पूर्ण रिपलच्या दुप्पट. सॅलन-कीमध्ये Q कपॅसिटरांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर चालतो. ५ टक्क्यांचे दोन कपॅसिटर विरुद्ध दिशांना चुकले की नेमकी हीच ५ टक्के चूक होते, म्हणून या टप्प्यात १ टक्क्याचे सीझीरोजी कपॅसिटर लावा. सगळी शिखरं-दऱ्या बरोबर उंचीच्या पण सारख्याच प्रमाणात खाली सरकलेल्या असतील तर कपॅसिटरांची संपूर्ण खेप एकाच बाजूला चुकलेली असते; सगळे रोध त्याच प्रमाणात कमी केले की फिल्टर जागेवर येतो. आणि ५.८८ पर्यंत सगळं ठीक असून ९.५१ आणि १० वर आकडे खाली बसत असतील, तर कपॅसिटर बदलण्याआधी ऑप-अँप बदलून पाहा. गेन-बँडविड्थ अपुरी पडली की टप्प्याची वारंवारता खाली येते, Q हलतो, आणि त्याचा सगळा परिणाम पासबँडच्या वरच्या टोकालाच दिसतो.

२२ किलोहर्ट्झवर ४२ ऐवजी ३६–३७ डीबी मिळाले, आणि पासबँड बिनचूक असला, तर ऑर्डरचा हिशोब पुन्हा करत बसू नका. आधी इनपुट जमिनीला जोडून आउटपुटवरचा नॉइज मोजा. तो ४० डीबी खालच्या पातळीला पोचलेला असेल तर मोजमापच तिथे थांबलंय. नॉइज कमी असेल तर सॅलन-कीच्या मोठ्या कपॅसिटरकडे पाहा. ऑप-अँपचा आउटपुट रोध वरच्या वारंवारतांना वाढतो, आणि त्या कपॅसिटरमधून सिग्नल ऑप-अँपला वळसा घालून थेट आउटपुटला पोचतो. ५० किंवा १०० किलोहर्ट्झवर मोजून बघा. क्षीणन वाढत जाण्याऐवजी थांबलं किंवा उलटं कमी होऊ लागलं, तर हीच गळती. आरसी टप्पा सगळ्यात शेवटी नेऊन त्याच्यापुढे बफर न ठेवता थेट एडीसीच्या मोठ्या इनपुट रोधाला जोडला, तर ती बरीच आटते.